एकत्र घर, वेगळा करदाता

भाईंदर पश्चिमेच्या जैन व्यापारी घरांत ‘एचयूएफचे पॅन काढले का?’ हा प्रश्न सहज ऐकू येतो. उत्तनच्या ख्रिस्ती कोळी घरात तीन पिढ्या एकत्र जेवत असल्या, तरी तिथे तो उद्भवतच नाही. प्राप्तिकरातले हिंदू अविभक्त कुटुंब हिंदू कायद्यावरून ठरते. तो कायदा जैन आणि शिखांना लागू होतो, ख्रिस्ती वा मुस्लिमांना नाही.

भागीदारी पेढी करारातून जन्मते आणि तिच्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून सरसकट 30 टक्के कर लागतो. अविभक्त कुटुंबाला करार लागत नाही, मुले जन्मानेच त्यात येतात. त्याला व्यक्तीसारखेच कराचे टप्पे मिळतात. कर्ता एखाद्या पेढीत कुटुंबाच्या वतीने भागीदार झाला, तरी घरातले बाकीचे त्या पेढीचे भागीदार होत नाहीत.

पण कुटुंब असणे आणि उत्पन्न कुटुंबाचे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सुरजीत लाल छाबडा यांचा मुंबईतला खटला याच मुद्द्यावर लढला गेला. घरात ते, पत्नी आणि अविवाहित मुलगी. 1956 मध्ये त्यांनी प्रतिज्ञापत्र करून आपली स्वतःची वास्तू कुटुंबाची असल्याचे जाहीर केले. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निकालपत्र न्या. यशवंत चंद्रचूड यांचे, हे तिघे मिळून कुटुंब होते हे मान्य केले. भाडे मात्र छाबडांचेच धरले, कारण त्या मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क असलेले दुसरे कोणी नव्हते. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्माने सहदायाद होते. तरीही ही वाट आज उघडलेली नाही: 31 डिसेंबर 1969 नंतर स्वतःची मालमत्ता कुटुंबात घातली, तर तिचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते.

मीरा रोडचा एक फ्लॅट घेऊ. भाडे महिना 30,000, म्हणजे वर्षाला 3,60,000. प्रमाणित 30 टक्के वजावटीनंतर उरतात 2,52,000. पगारातून घेतलेला हा फ्लॅट कुटुंबाच्या नावे केला, तर 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाला उपकर सोडून 75,600 रुपये भरावेच लागतात. तोच फ्लॅट अविभक्त कुटुंबाच्या जुन्या जमिनीच्या पैशातून घेतलेला असेल आणि कुटुंबाला दुसरे उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीतल्या चार लाखांच्या मर्यादेत कर शून्य. म्हणून पैसा कुठून आला याचे कागद जपा. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता 1956 नंतर मृत्युपत्राविना मुलाला मिळाली, तर तीही त्याची वैयक्तिकच; 1986 च्या चंदर सेन निकालाने ते स्पष्ट केले. ‘वडिलांची म्हणजे वडिलोपार्जित’ या समजुतीवर भरलेली विवरणपत्रे इथेच अडकतात.

बाहेर पडतानाही सावध राहा. पेढी भागीदारांच्या संमतीने मोडता येते. कुटुंबाने मात्र एकच फ्लॅट एका भावाला देऊन बाकी सारे एकत्र ठेवले, तर 1978 अखेरनंतरची अशी अंशतः वाटणी प्राप्तिकर खाते मानत नाही, आणि त्या फ्लॅटचे भाडे कुटुंबाच्याच विवरणपत्रात दाखवावे लागते.