पहिली चिमूट कोण देतो?



आमच्या गल्लीतला नववीचा एक मुलगा वही घेऊन आमच्याकडे आला. शाळेने आरोग्याचा प्रकल्प दिला होता. वस्तीतल्या दहा तंबाखू खाणाऱ्यांना विचारायचे, पहिल्यांदा कधी खाल्ली, कुठे आणि कोणी दिली. आमचा नंबर सातवा. आधीच्या सहा ओळी आम्ही वाचल्या. मित्राने, मोठ्या भावाने, सोबतच्या कामगाराने. पहिली पुडी स्वतः विकत घेतली असे एकानेही सांगितले नव्हते.

आमचेही तसेच झाले. सतराव्या वर्षी गिरणीत बदलीवर लागलो. कापसाच्या खात्यात बिडी पेटवता येत नाही, आगीची भीती. म्हणून सगळे तोंडात धरायचे. रातपाळीला एकाने मळलेली चिमूट पुढे केली. जबरदस्ती कोणी केली नाही. फक्त चौघे आमच्याकडे बघून हसत होते. घेतली, आणि पाच मिनिटांत घाम फुटला, डोके गरगरले, उलटी झाली. शरीर सांगत होते की हे विष आहे. मित्र म्हणाले, होईल सवय. झालीच. चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून लवकर रक्तात जाते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पोरगा म्हणाला, "काका, नाही म्हणायला काय झालं होतं?" प्रश्न बरोबर आहे. पण त्याचे उत्तर आमच्या घाबरटपणात नाही. १९५०च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. कार्डावर एक रेघ, शेजारी तीन रेघा. पहिल्या रेघेएवढी कोणती, एवढेच सांगायचे. लहान मूलही सांगेल. पण खोलीतल्या बाकीच्यांना आधीच शिकवून ठेवलेले होते, ते ठरवून चुकीचे उत्तर द्यायचे. तर जवळजवळ तिसरा हिस्सा वेळा तो एकटा माणूसही चुकीचेच बोलला. आता पुढचे नीट ऐका. त्या घोळक्यात नुसता एक जण खरे बोलू लागला, की हे चुकणे एकदम खाली आले. म्हणजे सगळी टोळी सुधारायची गरज नाही. सोबत एक जण पुरतो.

म्हणून आम्ही त्या मुलाला सांगितले, घोळक्यात भाषण देऊ नकोस, वाद घालू नकोस. एका दोस्ताशी आधीच ठरव. पुडी पुढे आली की एक म्हणेल "नको रे", दुसरा लगेच "मलापण नको, चल खेळायला". आणि तिथून पाय काढायचा. थांबलात तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणार.

आईबापांनाही सांगायचे आहे. आमच्या ओळखीच्या एकाने पोराच्या दप्तरात पुडी सापडली म्हणून पट्ट्याने मारले. पोराने तंबाखू सोडली नाही, दप्तरात ठेवायची सोडली. कॅन्सरचे फोटो दाखवूनही चौदा वर्षांचा पोरगा चाळिशीचा हिशोब करत नाही. त्याला आजचे दाखवा.

आणि सुरुवात बहुतेक गोड सुपारीने होते. "तंबाखू नाही, नुसती सुपारी" असे पोरे म्हणतात. सुपारीनेही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली तसे जाहीर केले आहे. त्याआधी गाल आतून ताठ होतात. तिखट लागले की तोंड जळते, आतली कातडी पांढरट दिसते आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो. घरी बघायचे असेल तर मुलाला आपली तीन बोटे उभी, एकावर एक, वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालायला सांगा. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे न्या. आखडलेले तोंड पूर्ण पहिल्यासारखे होणे कठीण, पण खाणे थांबवले तर पुढचे पुष्कळ वाचते.

गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मग दुकानदार पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या देतो, पोरे मिसळून खातात. अठरा वर्षांखालच्याला तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणे गुन्हा आहे. आपल्या शाळेच्या मागची टपरी मोजून बघा.

सोडताना पहिले तीन-चार दिवस फार जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते. पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यावे, चालावे. १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे, तिथे सल्ला मिळतो. आम्ही दोनदा सोडून पुन्हा धरली. दोन्ही वेळा पाळी सुटल्यावर त्याच चौघांत जाऊन बसलो होतो. तिसऱ्यांदा बसायची जागा बदलली.

मुलाने दहा ओळी पूर्ण करून वही दाखवायला आणली. खाली अकरावी ओळ त्याने स्वतःच्या नावाने लिहिली होती. वय तेरा, मैदानामागे, वर्गमित्राने दिली. आम्ही त्याला त्याची तीन बोटे उभी करायला सांगितली. नीट आत गेली.