गॅसचं बटण जड फिरतं तेव्हा

शेगडीचं बटण जड झालं की घरात दोन वस्तूंचा शोध सुरू होतो: पक्कड आणि खोबरेल तेल. पक्कडीनं बटण मोडतं, ते लगेच दिसतं. तेलानं काय होतं ते काही दिवसांनी कळतं, म्हणून आज बोलायचं ते मुख्यतः त्याबद्दल.

पण आधी दोष कुठं आहे ते पाहा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि बटण सरळ ओढून काढा. मागे उतू गेलेल्या दुधाची, वरणाची खरपुडी धरलेली असते. शेजारच्या बर्नरचं बटण या दांडीवर बसवून फिरवून बघा. सहज फिरलं, तर दुखणं बटणाचंच. खरपुडी पुसा, बटण कोमट साबणपाण्यात धुऊन कोरडं करा, काम झालं.

तरीही दांडी जडच, तर मामला आतल्या कॉकचा. कॉक म्हणजे पितळेचं छोटं घर आणि त्यात बसलेला पितळेचाच निमुळता डाट. डाटाला भोक असतं. ते घराच्या भोकासमोर आलं की गॅस सुरू, सरकलं की बंद. दोन्ही भाग एकमेकांत नेमके बसतील असे घासून जुळवलेले असतात, तरी मध्ये अगदी बारीक फट राहतेच. ती ग्रीसनं भरलेली असते. म्हणजे हे ग्रीस डाट फिरता ठेवतं आणि गॅसही अडवतं. रेग्युलेटरमधून गॅस येतो तो चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 ग्रॅम इतक्या कमी दाबानं, म्हणून तेवढा पातळ थर पुरतो.

वर्षानुवर्षं शेगडी तापते, ग्रीसमधलं तेल उडून जातं आणि उरतो तो चिकट, कडक साका. रोज कुकर चढतो त्या बर्नरचा कॉक आधी जड होतो. सकाळी घट्ट आणि शेगडी तापल्यावर जरा हलका, असं होत असेल तर साक्याचीच शंका घ्या.

आता यात खोबरेल सोडलं, की साका सैल होतो, बटण छान फिरतं आणि आपण खूश. पण तेच तेल उरलंसुरलं ग्रीस पातळ करून फटीतून हलवतं आणि पुढे स्वतःही तापून चिकट होतं. शिवणयंत्राच्या तेलानंही गॅस अडत नाही. व्हॅसलीन उष्णतेनं वितळून भोकात उतरतं. गंज सोडवायचा फवारा ग्रीस धुऊन नेतो, शिवाय तो पेट घेणारा. इथं लागतं ते गॅस कॉकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस. शेगडी दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा. डब्यावर ‘ईएन 377’ असेल, तर ते गॅसच्या उपकरणांसाठी केलेलं आहे.

काच लावलेली किंवा आपोआप पेटणारी शेगडी घरी उघडू नका, मेकॅनिकला बोलवा. साध्या स्टीलच्या शेगडीचा कॉक उघडायचा असेल, तर बर्नर पेटवून रेग्युलेटर बंद करा, म्हणजे नळीतला गॅस जळून जातो. ज्योत विझली की रेग्युलेटर उतरवून सिलिंडरला टोपी लावा, खिडक्या उघडा आणि शेगडी गार होऊ द्या.

एका वेळी एकच कॉक उघडा, कारण एकाचा डाट दुसऱ्याच्या घरात नीट बसत नाही. पुढचे दोन स्क्रू सोडले की स्प्रिंग उडते, तिच्यावर बोट ठेवा. कशावर काय होतं त्याचा फोटो काढून ठेवा. डाट आणि घर रॉकेलच्या बोळ्यानं, धागे न सुटणाऱ्या सुती कापडानं पुसा. पॉलिश पेपर आणि काथ्या इथं वर्ज्य. भोकं लाकडी दातकोरणीनं साफ करा, विशेषतः सिमचं बारीक भोक. रॉकेल पूर्ण वाळू द्या.

डाट उजेडात धरून फिरवा. नख अडकेल अशी रेघ असेल, तर ग्रीस वाया घालवू नका, आयएसआय चिन्हाचा अख्खा कॉक बदलून घ्या. नसेल, तर बोटाच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी ग्रीस घ्या. भोकांच्या कडा सोडून इतकं पातळ लावा की खालचं पितळ दिसत राहील. डाट बसवून पुष्कळदा फिरवा, परत काढा आणि भोकाशी जमलेलं पुसून घ्या. हे टाळलं की मोठी ज्योत ठीक येते आणि सिमवर मात्र विझते.

जोडून झाल्यावर रेग्युलेटर लावा, बटण बंद ठेवा आणि दांडीभोवती, स्क्रूंपाशी साबणाचा फेस लावा. काडी ओढून तपासू नका. बुडबुडा फुगला किंवा बंद बटणावरही बर्नरशी वास आला, तर कॉक गॅस धरत नाही. रेग्युलेटर उतरवा, विजेचा कुठलाही खटका दाबू नका, आणि घराबाहेर जाऊन 1906 वर फोन करा.