लाइट नाही, की लिंक नाही?



आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात फायबरची लिंक पडली की पहिला संशय जेसीबीवर जातो. घोडबंदर रोड आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गावरची मेट्रोची कामं पाहता तो संशय चुकीचा आहे असं कोणी म्हणणार नाही. पण जी लिंक काल चालत होती आणि आज मध्येच बंद पडली, तिचा न्याय वेगळा. जी नवी जोडल्यापासून आलीच नाही, किंवा स्विच अथवा मॉड्यूल बदलल्यावर गेली, तिचा वेगळा. या दुसऱ्या प्रकारात फायबर बहुतेक वेळा धडधाकट असते आणि दोन टोकांचं आपसात जमत नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की असा बिघाड दोन्ही टोकांचे आकडे, एकेक दिशा धरून, वाचल्याशिवाय ओळखता येत नाही. आणि आपण नेमकं तेच न करता स्प्लायसरला फोन लावतो.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या दोन इमारतींचं उदाहरण घेऊ. मधली केबल सिंगल-मोड, पिवळी, दोन कोअरची. दोन्ही स्विचमध्ये 1310 नॅनोमीटरचे एक गिगाबिटचे मॉड्यूल. दुसऱ्या इमारतीत मात्र कोणीतरी कपाटात पडलेली नारिंगी पॅचकॉर्ड लावली आणि ती 62.5 मायक्रॉनची मल्टी-मोड निघाली. कनेक्टर सारखाच, खटका नीट बसतो, डोळ्यांना काही खटकत नाही. आता पहिल्या इमारतीकडून येणारा प्रकाश 9 मायक्रॉनच्या कोअरमधून 62.5 च्या कोअरमध्ये शिरतो, तो जवळजवळ सगळाच पोचतो. उलट दिशेला मात्र प्रकाश बादलीतून बाटलीत ओतावा तसा सांडतो. जाड कोअर पूर्ण भरलेला असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने बारीक कोअरमध्ये जेमतेम 2 टक्के प्रकाश जातो, म्हणजे सुमारे 17 डीबीचा तोटा. मॉड्यूलने -6 डीबीएम सोडले असतील, तर पलीकडे -23 पोचतात. या जातीच्या रिसीव्हरला साधारण -19 पर्यंतच वाचता येतं. छोट्या पॅचकॉर्डमध्ये लेसरचा प्रकाश मध्यभागीच राहिला तर तोटा कमी होतो, पण तो स्थिर राहत नाही. कॉर्ड हलवली, वाकवली की आकडा बदलतो. “हात लावला की येते आणि जाते” अशी तक्रार त्यातूनच निघते.

इथे ओळखण्याची खूण दोन टोकांमधल्या फरकात आहे. दुसऱ्या इमारतीचा स्विच Rx उत्तम दाखवतो, पहिला जवळजवळ काळोख दाखवतो. ऑटो-निगोशिएशन चालू असेल तर दोन्हीकडे लिंक डाउन दिसते. ते बंद असेल तर एकीकडे अप आणि दुसरीकडे डाउन, असा चमत्कारिक देखावा दिसतो. ज्याने एकाच टोकावर उभं राहून “लाइट चांगला आहे” असं सांगितलं, तो खोटं बोलत नव्हता. त्याने अर्धीच गोष्ट पाहिली होती.

वेव्हलेंग्थचा घोळ याहून फसवा आहे. एकाच कोअरवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी मॉड्यूल जोडीने विकले जातात. एकावर Tx1310/Rx1550 लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर उलटं. स्टोअरमधून दोन्ही एकाच बाजूचे आले, तर दोघंही 1310 वर बोलतात आणि दोघंही 1550 ची वाट पाहत बसतात. आतला फिल्टर 1310 ला अडवतो. पॉवर मीटर 1310 वर ठेवून फायबरच्या टोकाला लावला, तर त्यावर खणखणीत -6 दिसतं आणि तेच टोक स्विचमध्ये घातलं, की Rx -40 च्या आसपास. मीटर म्हणतो लाइट आहे, स्विच म्हणतो नाही, तेव्हा ओटीडीआर काढायची गरज नाही. मॉड्यूल बाहेर काढून लेबल वाचा. खटक्याच्या रंगावर मात्र विसंबू नका, कारण तो सगळीकडे एकच असेल याची खात्री नाही. उलट दोन कोअरच्या साध्या मॉड्यूलमध्ये एकीकडे 1310 आणि दुसरीकडे 1550 असूनही लिंक बहुधा येते, कारण त्यांचा रिसीव्हर दोन्ही वेव्हलेंग्थ ऐकतो. म्हणून “वेव्हलेंग्थ वेगळी म्हणजे लिंक नाही” असा सरसकट नियम करता येत नाही. 850 चं मल्टी-मोड मॉड्यूल आणि 1310 चं सिंगल-मोड यांचं मात्र जमत नाही. आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही म्हणून लेसर मेला, असं 1310 किंवा 1550 बाबत कधीच ठरवू नका. तो कॅमेऱ्यालाही दिसत नाही आणि डोळ्यालाही नाही. त्याच कारणाने फायबरच्या तोंडात डोकावू नये.

मग येतो सुसंगततेचा प्रश्न. मॉड्यूलच्या आत एक छोटी मेमरी असते. तिच्यात उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि वेव्हलेंग्थ नोंदवलेली असते. स्विच ते वाचतो आणि काही कंपन्यांचे स्विच अनोळखी नाव दिसताच पोर्ट बंद करतात. मग लेसर पेटतच नाही, पलीकडच्या टोकाला काळोख दिसतो आणि दोष फायबरच्या माथी बसतो. म्हणून आधी स्वतःच्या टोकाचा Tx पाहायचा, मग समोरच्याचा Rx. लिनक्सच्या मशीनवर पहिली आणि सिस्कोच्या स्विचवर दुसरी आज्ञा पुरते:

```
ethtool -m eth1
show interfaces transceiver detail
```

आपला Tx बंद असेल तर भांडण स्विचशी आहे. Tx आणि Rx दोन्हीकडे चांगले असूनही लिंक नसेल, तर बहुधा वेग जुळत नाही. एका टोकाला दहा गिगाबिटचं मॉड्यूल आणि दुसऱ्याला एक गिगाबिटचं, दोन्ही 1310, प्रकाश उत्तम. पण तांब्याच्या पोर्टसारखी वेगाची आपोआप तडजोड इथे होत नाही.

काही जण म्हणतील, एवढं वाचत बसण्यापेक्षा मॉड्यूल बदलून पाहणं झटपट. मान्य, पण एका अटीवर: आधी दोन्ही लेबलं वाचा. बॅगेतलं सुटं मॉड्यूल बहुधा त्याच खोक्यातलं असतं. बायडीच्या चुकीच्या बाजूचे चार मॉड्यूल एकापाठोपाठ लावले, तरी उत्तर एकच येणार. शिवाय मल्टी-मोड पॅचकॉर्डवर नशिबाने लिंक आली, की बिघाड मिटला असं वाटतं आणि तो पुढे पुन्हा डोकं काढतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मल्टी-मोडवर 1310 वर्षानुवर्षं चालताना आपण पाहतो, मग नियम कशाला? ते खरं आहे, आणि त्याची मर्यादाही ठरलेली आहे. एक गिगाबिटच्या एलएक्सला मोड कंडिशनिंग पॅचकॉर्ड लावून मल्टी-मोडवर 550 मीटरपर्यंत मान्यता आहे. पण त्याच जुन्या 62.5 मायक्रॉनच्या केबलवर दहा गिगाबिटचं 850 चं मॉड्यूल मानकाप्रमाणे फक्त 33 मीटर जातं. एका मजल्यावर काम भागेल, वागळे इस्टेटच्या दोन गाळ्यांमध्ये भागेलच असं नाही.

राहिली तिसरी तक्रार, की स्विचची कुलपं ही कंपन्यांची नफेखोरी आहे. त्यात तथ्य आहे. एसएफपीचा आकार आणि जोडणी अनेक कंपन्यांच्या सामायिक करारातून ठरली, आणि त्याचा उद्देशच एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या पोर्टमध्ये बसावं हा होता. तरी ग्राहकाच्या दारात उभं राहून हा वाद सुटत नाही. खरेदी करताना स्विचचं मॉडेल सांगून मॉड्यूल घ्या, आणि कुलूप उघडण्याची सोय असेल तर ती ग्राहकाला सांगून, लेखी ठेवून वापरा.

आपल्या संघटनेपुढे माझी एकच सूचना आहे. तक्रार नोंदवण्याच्या आपल्या फॉर्ममध्ये आज फक्त “लाइट नाही” अशी एक ओळ असते. तिच्या जागी दोन्ही टोकांचे Tx आणि Rx, दोन्ही मॉड्यूलची लेबलं आणि पॅचकॉर्डचा रंग लिहायला जागा करा. आणि हे रकाने भरल्याशिवाय स्प्लायसरला गाडीत बसवू नका.