कंधारचा तट कुठे गेला?

आज एक छोटी गोष्ट सांगतो.

लातूरच्या एका दहावीतल्या मुलाने माइनक्राफ्टमध्ये कंधारचा किल्ला बांधायला घेतला होता. मामा नांदेडला. त्यांच्याबरोबर जाऊन त्याने तो राष्ट्रकूटकालीन भुईकोट, त्याचा रुंद खंदक नीट पाहून घेतला होता. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. खेळातला दगड मनासारखा नव्हता, म्हणून त्याने वेगळ्या दगडांचा मॉड घातला आणि सगळा तट त्याच दगडात उभारला.

एका रात्री अनोळखी साइटवर त्याच मॉडची ‘सुधारलेली’ फाइल दिसली. त्याने जुनी काढून नवी टाकली. काही ठोकळे ओळखता येत नाहीत, असा इशारा खेळाने दिला. पोराने तो न वाचताच पुढे जायचं बटण दाबलं. आत खंदकात पाणी होतं, पण तट नव्हता.

झालं होतं ते असं. खेळ प्रत्येक ठोकळा त्याच्या नावाने साठवतो. नव्या फाइलीत दगडांची नावंच बदललेली होती. जे नाव सापडलं नाही, तिथे खेळाने हवा भरली. पोरगा घाबरून किल्लाभर शोधत फिरला आणि खेळ आपल्या सवयीप्रमाणे ती हवा सेव्ह करत गेला. मग जुना मॉड परत घालून उपयोग झाला नाही. लांबचे दोन बुरूज तेवढे शाबूत राहिले, कारण तिकडे तो फिरकलाच नव्हता. फोल्डरमध्ये level.dat_old दिसल्यावर त्याला आशा वाटली, पण त्या फाइलीत खेळाची वेळ, खेळाडूची माहिती अशा गोष्टी असतात, बांधकाम नसतं.

मामांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो दोन वेगळ्या डिस्कवर चढल्याशिवाय ते कॅमेऱ्याचं कार्ड पुसत नाहीत. ते म्हणाले, “गडबड दिसली की आधी बंद करायचं, बाळा. आणि प्रत दुसरीकडे ठेवायची.”

आता तो मॉडला हात लावण्याआधी खेळ बंद करतो. saves मधलं त्या जगाचं फोल्डर आणि सोबत mods चं फोल्डरही पेन ड्राइव्हवर घेतो, कारण तो दगड ज्या मॉडमध्ये आहे ती फाइल नसेल, तर जगाची प्रत असूनही तट दिसणार नाही. फोल्डरच्या नावात तारीख आणि खेळाची आवृत्ती लिहितो. नवा मॉड आधी त्या जगाच्या नक्कलेवर चालवून बघतो, तटाभोवती एक फेरी मारतो आणि मगच मूळ जगात घालतो.

मुलांनो, तुमचंही असं एखादं जग असेल, तर आजच त्याची प्रत काढा आणि ती उघडते का, तेही बघून घ्या.