कॉइल करंट सांगतच नाही! लातूरच्या डाळमिलमध्ये रोगोवस्की कॉइल लावताना

(ऑडिओ भागाची लेखी प्रत. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे. गणित आणि कोड मात्र वाचणाऱ्यांसाठी नीट मांडून दिलाय.)

मी नांदेडहून बीटेक केलं आणि आता वीज मोजणाऱ्या यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहितो. आजचा विषय एका साध्या दिसणाऱ्या वस्तूचा आहे. पॅनेलमधल्या जाड केबलभोवती गुंडाळायची, पट्ट्यासारखी लवचीक नळी. तिचं नाव रोगोवस्की कॉइल. वॉल्टर रोगोवस्की आणि स्टाइनहाउस या दोघांनी १९१२ साली तिच्यावर निबंध लिहिला, म्हणून ते नाव पडलं. खरं तर त्याआधी १८८७ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या चॅटॉकनं हीच कल्पना मांडली होती.

लातूर म्हटलं की तूर आणि डाळमिल आलीच. समजा एका मिलमध्ये ३० एचपीची मोटार आहे. पूर्ण लोडवर ती साधारण ४० अँपिअर घेते. मालकाला जाणून घ्यायचंय की ही मोटार खरंच किती वीज खाते, पॉवर फॅक्टर किती आहे आणि कपॅसिटर वाढवायचा का. म्हणजे प्रश्न पैशाचा आहे. मोजमाप चुकलं तर नको तो कपॅसिटर विकत घेतला जाईल, किंवा हवा तो घेतलाच जाणार नाही.

नेहमीचा मार्ग म्हणजे सीटी. लोखंडी गाभ्याभोवती तारेचे वेढे असतात आणि गाभ्यातून केबल जाते. ती चांगली चालते, पण तिच्या दोन अडचणी आहेत. एक, दाटीवाटीच्या जुन्या पॅनेलमध्ये तो कडक गाभा बसायला जागा नसते. दोन, मोटार सुरू होताना करंट एकदम कित्येक पट वाढतो, तेव्हा लोखंड भरून जातं, म्हणजे सॅच्युरेट होतं, आणि नेमका तो झटका सीटी कमी दाखवते. रोगोवस्की कॉइलमध्ये लोखंडच नाही. प्लास्टिकच्या नळीवर तारेचे वेढे, आत हवा. त्यामुळे भरून जाणार काय? ४० अँपिअर असो की ४००, तिचं उत्तर त्याच प्रमाणात येतं.

पण याची किंमत मोजावी लागते. ही कॉइल करंट सांगतच नाही. करंट किती वेगानं बदलतोय, तेवढंच सांगते. सूत्र असं आहे:

`e = M × di/dt`

e म्हणजे कॉइलच्या टोकांना मिळणारा व्होल्टेज. M हा त्या कॉइलचा स्थिरांक. एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे आणि नळी किती जाड, यावर तो ठरतो.

हे समजायला मांजरा धरण डोळ्यासमोर आणा. धरणावरचा माणूस पाणी किती आहे ते सांगत नाही. फक्त एवढंच कळवतो की "काल चार सेंटिमीटर चढलं, आज दोन उतरलं." पातळी हवी असेल तर त्याचे आकडे रोज वहीत लिहून बेरीज आपणच करायची. आणि पाणी जागचं हललंच नाही तर तो "शून्य" म्हणणार, मग धरण भरलेलं असो की कोरडं. कॉइलचंही तसंच. म्हणून सोलर पंपाच्या पॅनेलकडून येणाऱ्या डीसी वायरला ही कॉइल लावून उपयोग नाही. ऊन स्थिर असेल तर वायरमधून ८ अँपिअर जात असताना ती गप्प बसते. तिथं हॉल सेन्सर किंवा शंटच लागतो.

आता आपल्या मोटारीचे आकडे घालून बघू. कॉइलला सेंटिमीटरमागे २० वेढे आहेत आणि नळीचा छेद अर्धा चौरस सेंटिमीटर आहे असं धरू. मग M येतो साधारण ०.१२६ मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला एका अँपिअरमागे मिळतात फक्त ४० मायक्रोव्होल्ट. म्हणजे पूर्ण लोडच्या ४० अँपिअरला १.६ मिलिव्होल्ट. इतका बारीक सिग्नल आधी वाढवून घ्यायचा आणि मग त्याची बेरीज करायची.

काही जण विचारतात, बेरीज कशाला? ५० हर्ट्झला एक अँपिअर म्हणजे ४० मायक्रोव्होल्ट हे माहीतच आहे, मग मिळालेल्या व्होल्टेजला त्यानं भागलं की झालं! करंटची लाट स्वच्छ असेल तर हे चालतं. पण मिलमध्ये एलिव्हेटरला व्हीएफडी लावलेला असतो, आणि व्हीएफडी स्वच्छ लाट घेत नाही. समजा त्या फीडरवर ५० हर्ट्झचे १०० अँपिअर आहेत आणि जोडीला २५० हर्ट्झचे, म्हणजे पाचव्या हार्मोनिकचे, २० अँपिअर आहेत. खरा आरएमएस करंट १०२ अँपिअर. पण २५० हर्ट्झची लाट पाचपट वेगानं बदलते, म्हणून कॉइल तिला पाचपट मोठं करून देते. ते २० अँपिअर १०० सारखे दिसतात. नुसता भागाकार केला की उत्तर येतं १४१. केबल १२० अँपिअरची असेल तर कुणीतरी म्हणणार, केबल बदला! केबल ठणठणीत आहे, बेरीज राहिली आहे.

बेरीज करायची म्हटलं की दुसरी गोष्ट पुढे येते, आणि माझ्या मते या कॉइलचा सगळा कस तिथंच लागतो. धरणावरच्या त्या माणसाची पट्टी किंचित चुकीची असेल, रोज अर्धा सेंटिमीटर जास्त सांगत असेल, तर एका दिवसात काही बिघडत नाही. वर्षभरात वहीतलं धरण भिंतीवरून वाहायला लागतं. इथं पट्टी म्हणजे अँप्लिफायर. त्यात १० मायक्रोव्होल्टचा स्थिर ऑफसेट असणं अगदी साधी गोष्ट आहे. १० मायक्रोव्होल्ट भागिले M केलं की येतात जवळपास ८० अँपिअर, आणि तेही दर सेकंदाला. मोटार बंद आहे, आणि स्क्रीनवर एका सेकंदात ८० अँपिअर, दहा सेकंदांत ८००!

म्हणून बेरजेच्या भांड्याला मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात. जुनं साठलेलं हळूहळू गळून जातं, नवं येत राहतं. कोडमध्ये एवढंच:

```python
M   = 0.126e-6   # हेन्री
Ts  = 1 / 5000   # दोन नमुन्यांमधलं अंतर, सेकंद
tau = 0.1        # गळतीचा काळ, सेकंद
i = 0.0
v0 = 0.0
for v in samples:
    i = i * (1 - Ts / tau) + (v + v0) / 2 * Ts / M
    v0 = v
```

`tau` लहान केला की गळती जास्त. ०.१ सेकंद ठेवला तर तो ८० अँपिअरचा पळता आकडा ८ अँपिअरवर येऊन थांबतो. पूर्ण लोडला हे ८ अँपिअर आरएमएसमध्ये फारसे जाणवत नाहीत, ४० चे ४०.८ होतात. पण मोटार रिकामी चालते आणि १२ अँपिअर घेते, तेव्हा १२ चे १४.४ दिसतात. म्हणून पूर्ण सायकलींची सरासरी काढून ती वजा करायची. कॉइलला डीसी कळतच नाही, त्यामुळे उरलेली सरासरी ही आपलीच भर आहे, ती बिनधास्त काढता येते.

गळतीचा दुसरा परिणाम मात्र लपून बसतो. गळकी बेरीज लाटेला थोडं पुढे सरकवते. `tau` ०.१ सेकंद असेल तर ५० हर्ट्झला १.८ अंश. अँपिअरच्या आकड्यात याचा पत्ताच लागत नाही. पण पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधल्या कोनाचाच हिशेब. मोटारीचा करंट मागे असतो, आपण तो १.८ अंश पुढे आणला, म्हणजे कोन कमी दिसला. खरा पॉवर फॅक्टर ०.८० असेल तर दिसेल ०.८२. मोटार रिकामी असताना खरा ०.२० असेल तर दिसेल ०.२३, म्हणजे वीज १५ टक्के जास्त मोजली गेली. आकडा वाईट नसून चांगला दिसतो, म्हणून कुणी शंका घेत नाही. मालकाला वाटतं कपॅसिटर पुरेसा आहे.

`tau` वाढवून एक सेकंद केला तर कोनाची चूक ०.१८ अंशावर येते, पण ऑफसेट पुन्हा ८० अँपिअरपर्यंत चढतो. एक कमी केलं की दुसरं वाढतं. यातून वाट अशी, की `tau` माहीत आहे, म्हणजे १.८ अंशही माहीत आहेत. तेवढा कोन सॉफ्टवेअरमध्ये परत मागे घ्यायचा. हार्मोनिकला कोन वेगळा लागतो, २५० हर्ट्झला जेमतेम ०.३६ अंश, तेही लक्षात ठेवायचं.

आता पॅनेलसमोर उभं राहून काय तपासायचं ते सांगतो. कॉइल चढवणं हे परवानाधारक वायरमनचं काम आहे, आणि उघडा बसबार असेल तर सप्लाय बंद करूनच.

पहिलं, मोटार बंद ठेवून आकडा बघा. शून्य यायला पाहिजे. चढत जात असेल तर बेरीज गळत नाहीये, एका जागी अडकला असेल तर ऑफसेट वजा झालेला नाही.

दुसरं, मोटार चालू असताना तिन्ही फेजच्या वायरी एकाच कॉइलमध्ये घ्या. तिघींची बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी, कारण जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. बराच आकडा उरला तर एक तर करंट जमिनीत गळतोय, नाहीतर कॉइल नीट मिटलेली नाही.

तिसरं, एकाच वायरभोवती कॉइल थोडी फिरवून बघा. वेढे सगळीकडे सारखे असतील तर वायर मधोमध असो की कडेला, उत्तर तेच येतं. एका बाजूनं जवळ गेली की दुसऱ्या बाजूनं लांब जाते, बेरीज तीच. फक्त दोन टोकं जिथं जुळतात तिथं वेढ्यांना खंड पडतो. वायर तिथं टेकली की आकडा हलतो. म्हणून ते कुलूप वायरपासून आणि शेजारच्या बसबारपासून लांब ठेवायचं.

आणि शेवटचं, वीज उणे दिसली तर घाबरू नका. कॉइल उलटी चढलीय. तिच्यावर बाणाची खूण असते, बाण मोटारीकडे करा.

या चार तपासण्यांना दहा मिनिटं लागतात. मात्र कोनाची चूक यांतल्या एकाही तपासणीत सापडत नाही. त्यासाठी हीटरसारखा निव्वळ रेझिस्टन्सचा लोड लावून पॉवर फॅक्टर बघायचा. तो १ यायला हवा, आणि व्होल्टेज-करंटमधला कोन शून्य. कोन १.८ दिसला, तर कुठून आला ते आता तुम्हाला ठाऊक आहे. आजच्या भागात एवढंच. तुमच्या मिलमधले, पंपावरचे आकडे असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यांवर बोलू.