अंगठा उठवण्याआधी
(आपटा येथील बैठकीतलं बोलणं)

बायांनो, बाबांनो, हायकोर्टात प्रतिज्ञापत्र इंग्रजीत जातं, शपथ मात्र आपली असते. म्हणून त्याचा मराठी तर्जुमा आम्ही कलमाला कलम लावून वाचतो.

एका दळीच्या कागदात ‘पझेशन’ला ‘मालकी’ लिहिलं होतं. त्याचा अर्थ ताबा. आपण दळी कसतो, हा ताबा झाला. मालकी म्हटली की सातबारा मागतील, आणि शपथ खोटी पडेल.

शेवटचं सत्यापनही तसंच. स्वतः पाहिलं ते ‘माझ्या स्वतःच्या माहितीने खरे’. आजोबांकडून ऐकलं ते ‘ऐकीव, खरे समजतो’, आणि कोणाकडून ऐकलं तेही लिहायचं.

मूळ इंग्रजीतच चूक असेल तर तर्जुम्यात सुधारायची नाही. ‘मुळाबरहुकूम’ अशी सही तर्जुमा करणारा देतो. वकिलाकडून मूळच दुरुस्त करून घ्यायचं.

‘वाचून समजावून सांगितले’ हा शेरा खरा असेल, तरच अंगठा.