मधुमेही मुलाचे रात्रीचे जेवण आणि इन्शुलिनचे माप

रात्रीचे साडेसात वाजले आहेत आणि घरात दोन फुलके, भेंडीची भाजी, वरण व भात असे नेहमीचे साधे जेवण तयार आहे. जेवणारी मुलगी 9 वर्षांची असून तिचे वजन 25 किलो आहे. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. तिचे ताट वाढण्यापूर्वी तिच्या आईला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असते, आणि ते म्हणजे आज इन्शुलिन किती द्यावयाचे.

निरोगी मुलाच्या शरीरात हा हिशेब स्वादुपिंड आपोआप करीत असते. या मुलीच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे तोच हिशेब आता आईला कागदावर करावा लागतो. रक्तातील साखर दोन-तीन तासांत वाढविण्याचे काम मुख्यतः कर्बोदके करतात, आणि ती धान्य, डाळ, बटाटा, दूध, फळे, साखर व गूळ यांत असतात. भेंडीसारख्या भाजीत ती इतकी थोडी असतात की लहान वाटीभर भाजी हिशेबात धरली नाही तरी चालते. म्हणून मोजावयाचे असते ते सारे अन्न नव्हे, तर त्यातील कर्बोदकांचे ग्रॅम.

यासाठी स्वयंपाकघरात एक वजनकाटा पुरतो. गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 64 ग्रॅम कर्बोदके असतात. आईने एकदा 250 ग्रॅम पीठ मळून त्याचे सारखे 10 फुलके केले. म्हणजे एका फुलक्यात 25 ग्रॅम पीठ आणि 16 ग्रॅम कर्बोदके. भाताचे मात्र असे सरळ नाही, कारण शिजताना तांदूळ किती पाणी घेतो हे प्रत्येक घरी वेगळे असते. या घरी 150 ग्रॅम तांदळाचा 450 ग्रॅम भात होतो. कच्च्या तांदळात शेकडा 78 ग्रॅम या प्रमाणाने 117 ग्रॅम कर्बोदके होती, ती आता 450 ग्रॅम भातात पसरली. म्हणजे 100 ग्रॅम भातात 26 ग्रॅम. कच्च्या तांदळाचा आकडा शिजलेल्या भाताला लावला तर हिशेब तिप्पट होतो, आणि नवशिक्या घरांत ही चूक हटकून घडते. मुलीची वाटी 75 ग्रॅम भाताची आहे, तेव्हा तिच्यात सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके आली. तिच्या वाटीभर वरणात 15 ग्रॅम तूरडाळ जाते. तिची 8 ग्रॅम धरावीत.

आता बेरीज करू. दोन फुलक्यांचे 32, भाताचे 20 आणि वरणाचे 8, मिळून 60 ग्रॅम. या मुलीला रात्रीच्या जेवणासाठी डॉक्टरांनी 20 ग्रॅम कर्बोदकांमागे 1 युनिट असे प्रमाण ठरवून दिले आहे. म्हणजे अन्नासाठी 3 युनिट लागतील. परंतु जेवणापूर्वी बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले तेव्हा साखर 100 मिलिलिटरमागे 210 मिलिग्रॅम भरली. असावयास हवी होती 120. या मुलीची साखर 1 युनिटाने सुमारे 90 ने उतरते, हेही डॉक्टरांनी काढून दिलेले आहे. तेव्हा वाढलेल्या 90 साठी आणखी 1 युनिट, असे एकूण 4 युनिट तिला जेवणापूर्वी द्यावयाचे. हे दोन्ही आकडे या मुलीचेच आहेत. दुसऱ्या मुलाचे वेगळे असतात, आणि वय वाढले की याच मुलीचेही बदलतात. शेजारच्या घरचे प्रमाण उसने घेता येत नाही.

इन्शुलिन शीघ्र प्रकारचे असेल तर ते जेवणापूर्वी 10 ते 15 मिनिटे द्यावे. साधे, म्हणजे रेग्युलर असेल तर सुमारे अर्धा तास आधी. कुपीवर 40 लिहिले असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. ती 100 ची निघाली तर सारा हिशेब बरोबर असूनही माप चुकते.

खरी कसोटी पुढेच आहे. इन्शुलिन दिले गेले, मुलगी एक फुलका, भाजी, वरण व भात खाऊन उठली आणि दुसरा फुलका ताटात तसाच राहिला. मूल आहे, त्याला भूक नसते, खेळ आठवतो. पण त्या फुलक्याच्या 16 ग्रॅमसाठी 0.8 युनिट इन्शुलिन शरीरात आधीच गेले आहे, आणि ते साखर सुमारे 70 ने जास्त उतरवील. जी साखर 120 वर थांबावयाची ती 50 च्या आसपास जाईल, आणि तीही मूल झोपले असताना. अशा वेळी रागावून फुलका भरविण्यापेक्षा 200 मिलिलिटर दूध एक चमचा साखर घालून द्यावे. दुधातील 10 आणि साखरेतील 5 ग्रॅम मिळून फुलक्याची उणीव जवळजवळ भरून निघते. जे मूल रोजच अर्धवट जेवते, त्याला शीघ्र इन्शुलिन जेवणानंतर लगेच, खाल्लेल्या अन्नाप्रमाणे देण्याची मुभा डॉक्टर देतात. जेवलेच नाही तर जेवणाचे इन्शुलिन देऊ नये. दिवसातून एकदा घ्यावयाचे दीर्घ परिणामाचे इन्शुलिन मात्र कधीही बंद करू नये.

झोपेत घाम सुटणे, कापरे भरणे, मूल दचकून रडत उठणे ही साखर उतरल्याची चिन्हे होत. आकडा 70 च्या खाली दिसताच दोन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन दिलेले असेल तर ते टोचावे, आणि तातडीने दवाखाना गाठावा.

याच्या उलट चूक भाकरीच्या बाबतीत होते. मधुमेहाला भाकरी चालते, असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात आणि ती हिशेबात धरली जात नाही. पण ज्वारीच्या 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 40 ग्रॅम कर्बोदके असतात, अडीच फुलक्यांइतकी! अशा रात्री दोन तासांनी साखर 250 च्या पुढे गेलेली दिसली, की आईला वाटते इन्शुलिन कमी पडले, आणि ती पुन्हा टोचते. पहिल्या मात्रेचा अंमल तीन-चार तास टिकतो. त्यावर दुसरी चढली की पहाटे साखर एकदम कोसळते.

मोजणी चुकली की प्रमाण, हे ओळखण्याची एक रीत आहे. ज्या दिवशी जेवणापूर्वी साखर 120 च्या जवळ असेल, त्या दिवशी नीट वजन केलेले साधे जेवण द्यावे आणि शीघ्र इन्शुलिन असेल तर चार तासांनी तपासावे. आकडा मूळ जागी आला असेल तर प्रमाण बरोबर आहे. तीन-चार रात्री तो सतत चढाच राहिला किंवा सतत खालीच गेला, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. प्रमाण बदलावे लागेल. एखाद्याच रात्री बिघडत असेल तर त्या रात्रीच्या ताटात काय होते ते आठवावे. झोपताना साखर ठीक आणि रात्री 3 वाजता खाली, असे वारंवार होत असेल, तर दोष बहुधा रात्रीच्या जेवणाचा नसतो. दीर्घ परिणामाच्या इन्शुलिनची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यावी लागते.